वीस मिनिटांची पाकिटं

ताईच्या नाकावर राग असतो, असं ओळखणारे सगळेच म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. पण त्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर जे छापलं होतं ते वाचून एखाद्या संतालाही राग आला असता. ‘या घटकाच्या अभ्यासासाठी लागणारा वेळ : सहा तास.’ आठवड्याला एक घटक, म्हणजे आठवड्याला सहा तास. लिहिणाऱ्याने कसं निवांत लिहिलं होतं, जणू शिकणाऱ्याच्या घरी तास पोत्यात भरून ठेवलेत आणि हवे तेव्हा काढून घ्यायचे.

ताईचं झेरॉक्सचं दुकान दूरशिक्षणाच्या अभ्यासकेंद्राच्या अगदी समोर होतं. दोन मशीन, एक कागद कापायचं यंत्र, एक बाइंडिंगचं, आणि पाय ठेवायला जेमतेम जागा. वर्षानुवर्षं ती याच पुस्तिकांच्या प्रती काढत आली होती. प्रती नेणारे लोक तिला चेहऱ्याने पाठ होते. वॉचमन, नर्स, ड्रायव्हर, दोन लेकरांच्या आया. सुरुवातीला उत्साहाने सगळ्या घटकांच्या प्रती न्यायचे, परीक्षेच्या तोंडावर तोंड पाडून यायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच प्रती. स्वतः ताईने बी.ए. असंच दुरून केलं होतं, त्यामुळे हे काय असतं ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पण परक्यांचं नापास होणं माणूस उसासा टाकून सोडून देतो. या वेळी पुस्तिका घेऊन आलेला तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

धाकटा पाणी शुद्धीकरण केंद्रात पंपचालक होता. तिथेच पाळीप्रमुख व्हायचं तर जलशुद्धीकरणाची पदविका हवी. दोनदा तो परीक्षेला बसला आणि दोनदा तांत्रिक पेपरात गेला. नोंदणीच्या मुदतीत आता एकच संधी उरली होती. ती हुकली की पास झालेले पेपरही वाया, सगळं पहिल्यापासून. तो पुस्तिका काउंटरवर ठेवून म्हणाला, “असू दे ताई. आपलं डोकंच तेवढं आहे.” शाळेत त्याला एक मास्तर ‘ठोंब्या’ म्हणत. वर्गात म्हणत, पालकांसमोर म्हणत, आणि पोरगं त्या नावाला ‘ओ’ देत असे. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तरांवर, पुस्तिकेवर, ‘असू दे’वर, सगळ्यांवर एकदम.

“तुला रोज मोकळा वेळ किती मिळतो ते सांग,” ती म्हणाली.

त्याने खूप विचार केला. पाळीवरून यायचं, आंघोळ, जेवण, लेकीची शाळेची तयारी. भावजयही दवाखान्यात आया म्हणून काम करायची, तिची पाळी वेगळी. मध्ये संध्याकाळी, जेवण आणि झोपाळलेली लेक यांच्यामधे, वीस मिनिटं निघतील म्हणाला. त्यानंतर डोळे उघडे राहत नाहीत.

“मग वीस मिनिटांत बसेल असं करू,” ताई म्हणाली. “पुस्तिका तुझ्या वेळात बसली नाही, तर दोष पुस्तिकेचा.”

आणि ती कामाला लागली. कुणी म्हणेल कागद कापायचे, त्यात काय मोठं. पण सहा तासांचा घटक पाच संध्याकाळींत आणि एका रविवारात बसवायचा म्हणजे आधी काय टाकायचं ते कळावं लागतं. ताई आधी अख्खा घटक वाचायची. मग शेवटी दिलेले प्रश्न आणि सुरुवातीची उद्दिष्टं समोर ठेवायची, आणि ज्या परिच्छेदाने त्यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही तो बाजूला काढायची. पाण्याचं मानवी जीवनातलं महत्त्व अडीच पानं होतं. पंपावर आयुष्य काढलेल्या माणसाला पाण्याचं महत्त्व! ती पानं ताईने ज्या आवेशाने कापली तो पाहून दुकानातलं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं.

उरलेल्याची पाकिटं व्हायची. प्रत्येक पाकिटात तीन कागद. पहिल्यावर कालचे आणि गेल्या आठवड्यातले चार-पाच प्रश्न, कुठेही न बघता उत्तरं लिहायला. दुसऱ्यावर आजचा मजकूर, एकच गोष्ट, दीड पानापेक्षा जास्त नाही. तिसऱ्यावर त्याच गोष्टीवरचे प्रश्न, दुसरा कागद पालथा घालून सोडवायचे. उत्तरं आतल्या बाजूला दुमडून. रविवारच्या पाकिटात नवीन काही नाही, सगळ्या आठवड्याचे प्रश्न उलटेसुलटे करून. वाचलेलं परत परत वाचलं की येतंय असं वाटतं, पण न बघता लिहायला बसलं की खरं काय ते कळतं, हे ताई बी.ए.च्या वेळी ठेच खाऊन शिकली होती.

शिवाय तिने एक नियम केला, आणि त्या नियमाचा तिला फार अभिमान होता. जे पाकीट वीस मिनिटांत संपत नाही, ते पाकीट चुकलं. धाकट्याने ते परत आणून द्यायचं, ताई त्याचे आणखी तुकडे करणार. “माझ्या भावाला कुणी हळू म्हणायचं नाही,” ती भावजयीला म्हणाली. “हळू असेल तर कागद असेल.” भावजय हसली. तिने मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावायला सुरुवात केली, आणि तेवढा वेळ ती लेकीला घेऊन बाहेरच्या पायरीवर बसायची. गजर झाला की धाकटा पेन खाली ठेवायचा, उत्तरं उघडून ताडून बघायचा आणि उठायचा.

पहिल्या महिन्यातच फरक दिसू लागला. गाळण थरांची नावं, तुरटीने गाळ एकत्र कसा येतो, निवळण टाकीतून पाणी सावकाश का जायला हवं, सगळं न अडखळता. धाकटा दुकानात यायचा, काउंटरवर कोपर टेकून स्वतःच प्रश्न विचारायचा आणि स्वतःच उत्तरं द्यायचा. ‘असू दे’ बंद झालं. अधूनमधून एखादं पाकीट परत यायचं. “हे नाही बसलं गं,” म्हणायचा, आणि ताई लगेच कात्री घ्यायची.

सगळ्यात जास्त परत आलं ते क्लोरीनचं पाकीट. हिशेब काही भयंकर नव्हता, पण लांब होता. आलेल्या पाण्याला किती क्लोरीन खर्ची पडतो, त्यात नळाच्या टोकाला शिल्लक राहायला हवा तेवढा मिळवायचा, म्हणजे मात्रा मिळाली. मात्रेला दिवसाच्या पाण्याने गुणायचं, म्हणजे वजन मिळालं. आणि ब्लीचिंग पावडरीत खरा क्लोरीन पावच असेल तर वजनाच्या चौपट पावडर. धाकटा मधल्या गुणाकारात अडकला, गजर झाला, पाकीट परत. ताईने त्याची दोन पाकिटं केली. तरी बसेना. मग तीन केली, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर आधीच्या पायरीचं उत्तर छापून टाकलं, म्हणजे मागचं ओझं पुढे नको. तुरटीच्या मात्रेचं तेच, गाळणी धुण्याच्या वेळांचं तेच. आता सगळं सुरळीत बसायला लागलं. ताईला वाटलं, बघा, जमलं की नाही.

तोवर पाकिटांची बातमी समोरच्या केंद्रात पोचली होती. एक नर्स येऊन विचारून गेली, एका ड्रायव्हरने तर हातच जोडले. ताईने त्यांनाही करून द्यायला सुरुवात केली. मशीनपेक्षा कात्रीच जास्त चालू लागली.

आणि मग केंद्रावरच्या मॅडमनी तिला बोलावलं.

मॅडम तांत्रिक पेपराच्या समुपदेशक होत्या, म्हणजे महिन्यातून दोन रविवार येऊन शंका सोडवायच्या. त्यांनी सराव परीक्षा घेतली होती. रिकाम्या वर्गात, फळ्यापाशी, त्यांनी धाकट्याची उत्तरपत्रिका बाकावर ठेवली. छोटे प्रश्न जवळजवळ सगळे बरोबर. मोठा प्रश्न असा होता : नदीचं पाणी अचानक गढूळ आलंय, नळाच्या टोकाला क्लोरीन शून्य लागतोय, दिलेल्या आकड्यांवरून तुरटी ठरवा, गाळणीचं काय करायचं ते सांगा, क्लोरीनची मात्रा आणि पावडर काढा. चाळीस मिनिटांचं काम. धाकट्याने तुरटी ठरवली होती, अगदी बरोबर ठरवली होती. त्याखाली पान कोरं होतं.

“या प्रश्नावर वीस मिनिटं झाली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं,” मॅडम म्हणाल्या. “वेळ भरपूर उरला होता. मी विचारलं, पुढे का नाही? तर म्हणाले, पुढच्या पायरीला आधीचा आकडा कुठे दिलाय? मी म्हटलं, आधीचा आकडा तुम्हीच काढलाय. तर पुन्हा प्रश्नपत्रिकाच चाळायला लागले.”

ताईने ते कोरं पान पाहिलं आणि तिचा राग उसळला. तो आधी मॅडमवरच उसळला, कारण समोर त्याच होत्या. सहा तास कुणाचे धरलेत तुम्ही, तिने विचारलं. पाळी करून आलेल्या माणसाचे? लेकरू झोपवणाऱ्या बाईचे? तुमच्या पुस्तिकेतली अडीच पानं पाण्याच्या महत्त्वाची आहेत, ती कुणासाठी? ही माणसं दरवर्षी माझ्याकडे प्रती काढायला येतात आणि दरवर्षी स्वतःलाच मठ्ठ समजून परत जातात, तेव्हा तुमचं हे केंद्र कुठे असतं? मी त्यांना निदान शिकायला बसवलं, आणि तुम्ही मला हे पान दाखवताय.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत, हे ताईला आणखीच लागलं. पुस्तिकेबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, त्या म्हणाल्या. तो सहा तासांचा आकडा कुणी घड्याळ लावून पाहिला असेल असं त्यांनाही वाटत नव्हतं, आणि तसं त्या वर कळवणार होत्या. पाकिटंही चांगली आहेत, चांगली आहेत म्हणूनच बोलावलं. “पण जे अवघड होतं तेवढंच तुम्ही कापून टाकलंत,” त्या म्हणाल्या. “आणि परीक्षा नेमकी त्याचीच आहे.”

ताई रस्ता ओलांडून दुकानात आली ती फणफणतच. मॅडम म्हणजे उंटावरची शहाणी. महिन्यातून दोनदा यायचं आणि ज्ञान पाजळायचं. दुकान बंद करून ती तडक भावाच्या घरी गेली. धाकटा नुकताच आला होता, ओले केस पुसत होता. ताईने त्याला सगळं सांगितलं, अर्थात स्वतःच्या बाजूने, आणि शेवटी म्हणाली की काळजी करू नकोस, मोठ्या प्रश्नाचीही मी अशी पाकिटं करते की चाळीस मिनिटांचा प्रश्न तुला कळणारही नाही.

धाकट्याने टॉवेल खुर्चीवर टाकला.

“नको,” तो म्हणाला.

“नको म्हणजे?”

“मी एक-एक पाकीट परत आणत होतो, ताई. मला वाटायचं तू म्हणशील, बस जरा, उद्या परत बघ, येईल तुला. एकदाही म्हणाली नाहीस. लगेच कात्री.” आवाज चढलेला नव्हता. “मास्तर मला ठोंब्या म्हणायचे. निदान तोंडावर म्हणायचे. तू तेच म्हणत होतीस, फक्त कागदावर.”

भावजय दारात लेकीचा हात धरून उभी होती. ती मध्ये पडली नाही. ताईने तिच्याकडे आशेने पाहिलं, तर तिने नजर खाली केली. म्हणजे हे या घरात आधीही बोललं गेलं होतं.

ताई चहा न घेता निघाली. रस्ताभर धुमसत होती. ज्याच्यासाठी आठवडेच्या आठवडे मान मोडून बसले, त्यानेच हे ऐकवावं! करायला गेले एक आणि झालं भलतंच. बोलणार तरी कुणाला, आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण घरी येऊन ती परत आलेल्या पाकिटांचा गठ्ठा घेऊन बसली, आणि तिला नाइलाजाने दिसू लागलं. धाकट्याने एका पाकिटावर गुणाकार मांडला होता, खोडला होता, पुन्हा मांडला होता. दुसऱ्या वेळी तो बरोबर वाटेवर होता, फक्त शून्यांमध्ये चुकला होता. अजून पाच मिनिटं हवी होती. किंवा उद्याची वीस मिनिटं. ताईने तेव्हा तो कागद नीट पाहिलाही नव्हता. पाकीट परत आलं, एवढंच पाहिलं होतं. मास्तरांवर इतकी वर्षं जो राग धरला, त्या रागाच्या भरात ती मास्तरांच्याच खुर्चीत जाऊन बसली होती, आणि तेही कात्री घेऊन. रागाला आता जायला दुसरी जागा उरली नाही, तेव्हा तो तिच्यावरच उलटला, आणि तिला ते सोसणं फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात धाकटा स्वतःच आला. माफी मागायला नाही, अटी सांगायला. पाकिटं हवीत, वीसच मिनिटांची हवीत, कारण वेळ काही वाढलेला नाही. अडीच पानांची पाल्हाळं खुशाल काप. पण लांब हिशेब कापायचा नाही. गजर झाला की मी जिथे असेन तिथे थांबेन, आणि दुसऱ्या दिवशी कालचा कागद न बघता, कुठवर आलो होतो ते आधी आठवून लिहीन आणि मग पुढे जाईन. उत्तरं पाकिटात घालायची नाहीत, ती तुझ्या दुकानात राहू देत. आणि रविवारी अख्खा एक प्रश्न, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका बैठकीत. लेकीला तिची आई तेवढा वेळ बाहेर नेईल.

“आणि नाही आलं तर?” ताईने विचारलं.

“तर नाही आलं. मग सोमवारी परत.”

ताईने मान डोलावली. बाकीच्यांची पाकिटंही तिने तशीच बदलली. नर्सने कुरकुर केली की आधीचं बरं होतं, पटकन व्हायचं. ताई म्हणाली, पटकन होतं म्हणूनच बदललं.

खरी परीक्षा ताईचीच सुरू झाली. पहिल्या रविवारी ती भावाच्या घरी बसली होती. धाकटा टेबलाशी, कपाळावर घाम, तोंडात पेनाचं टोपण. त्याने पाण्याच्या लिटरांमध्ये एक शून्य कमी लिहिलं, ते तिला समोरून उलटं दिसत होतं. तिची जीभ दातांमागे नुसती वळवळत होती. तो पुढे गेला, उत्तर भलतंच आलं, त्याने कागद चुरगळला, मग पुन्हा सरळ केला आणि पहिल्या ओळीपासून बोट फिरवत खाली आला. शून्यापाशी थांबला. स्वतःशीच एक शिवी हासडली आणि लिहायला लागला. ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवत बसली.

पुढे निकाल लागला आणि धाकटा पास झाला, काठावर नाही, बऱ्यापैकी. पण ताई पाहुण्यांना हकीकत सांगते ती निकालाची नव्हे. ती सांगते परीक्षेच्या दिवशीची.

पेपर समोरच्या केंद्रातच होता. वेळ संपल्याची घंटा झाली तशी माणसं बाहेर पडू लागली. नर्स आली, ड्रायव्हर आला, दुकानात डोकावून गेले. धाकटा येईना. याआधी दोन्ही वेळेला तो अर्धा वेळ उरला असताना बाहेर येऊन पायरीवर बसलेला असे. मशीन चालू ठेवूनच ती रस्ता ओलांडून आत गेली.

व्हरांड्यात पर्यवेक्षकांच्या टेबलापुढे धाकटा उभा होता, उत्तरपत्रिका हातात घट्ट धरून. पर्यवेक्षक हात पुढे करून ती मागत होते. त्यांचं म्हणणं एकच, घंटा झाली म्हणजे झाली.

“प्रश्नपत्रिका तुम्ही उशिरा वाटल्यात,” धाकटा म्हणत होता. “गठ्ठा उघडायला वेळ गेला, सगळ्यांनी पाहिलं. दहा मिनिटं. शेवटचा भाग माझा अर्धा झालाय. मला येतोय तो. ती दहा मिनिटं माझी आहेत.”

पर्यवेक्षक म्हणाले की बाकी कुणाची तक्रार नाही. ताईची सगळी वाक्यं ओठांवर आली, एकाहून एक धारदार. ती पदर खोचून टेबलापर्यंत पोचली आणि तिने तोंड उघडलं.

धाकट्याने मागे वळूनही पाहिलं नाही. “ताई, तू थांब,” तो म्हणाला. “मी बोलतोय.”

आणि तो पुन्हा पर्यवेक्षकांकडे वळला, पहिल्यापासून, सावकाश, एकही पायरी न सोडता, वेळ कसा गेला ते सांगू लागला. ताई भिंतीला टेकून उभी राहिली. तिने पदराचं टोक तोंडात धरलं, आणि भावाला राग आलेला आयुष्यात पहिल्यांदा बघत राहिली.